चौऱ्याऐंशी गेला, पण कोणता?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे खाली वॉचमनच्या खोलीत दिसावं, म्हणून हल्ली बऱ्याच सोसायट्यांमध्ये टाकीच्या झाकणाला आतून एक छोटा सेन्सर बसवतात. हौशी मंडळींच्या आवडीचा एचसी-एसआर०४ हा त्यातलाच. तो माणसाला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा आवाज पाण्याकडे सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजतो, आणि त्या आकड्याला ५८ ने भागलं की पाणी झाकणापासून किती सेंटिमीटर खाली आहे ते मिळतं. पाणी जितकं कमी, तितका आकडा मोठा.

हा सेन्सर स्वस्त आहे आणि त्याचं काम बहुतेक वेळा चोख असतं. पण मधूनच तो काहीही सांगतो. टाकी भरताना पाण्यावर लाटा उठतात, आवाज एखाद्या पाइपावर आपटून तिरका परततो, कधी प्रतिध्वनी हरवतोच. मग ८४, ८४, ८५ असे शहाण्यासारखे आकडे देता देता अचानक ३१२ येतो. टाकी जेमतेम दीड मीटर खोल असताना पाणी तीन मीटर खाली कसं असेल? पण पंप चालू करणाऱ्या यंत्राला हा प्रश्न पडत नाही. त्याला टाकी रिकामी दिसते आणि ते पंप सुरू करतं.

शेवटच्या काही नोंदींची सरासरी काढून भागत नाही. ८५, ८६ आणि ३१२ यांची सरासरी १६१ येते, म्हणजे एका खोट्या आकड्याने दोन खऱ्यांना ओढून नेलं. मध्यक मात्र बधत नाही. तिन्ही आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो ८६, आणि ३१२ च्या जागी ३१२० आला असता तरी मधला ८६ च राहिला असता. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात सरकत्या मध्यकाचा पुरस्कार केला तो याच गुणासाठी. शेवटच्या ठरावीक नोंदींची एक खिडकी धरायची. नवी नोंद आली की सर्वांत जुनी बाहेर जाते, आणि दरवेळी खिडकीतला मध्यक सांगायचा.

खिडकी पाच नोंदींची असेल तर यात डोकं चालवण्यासारखं काहीच नाही. दरवेळी पाच आकडे क्रमाने लावा आणि मधला उचला. टाकीसाठी एवढंच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कारखान्यातल्या बेअरिंगची थरथर सेकंदाला हजारो वेळा मोजली जात असते आणि खिडकी दहा हजार नोंदींची असते, तेव्हा प्रत्येक नव्या नोंदीला दहा हजार आकडे पुन्हा लावत बसणं परवडत नाही. एकच आकडा आला आणि एकच गेला, बाकीचे ९,९९९ जिथल्या तिथे आहेत. त्यांचा क्रम पुन्हा का लावायचा? दोन हीपची पद्धत इथे कामाला येते. ती इथे टाकीच्या आकड्यांवर आणि तीनच नोंदींच्या खिडकीवर दाखवतो, कारण तिच्यात दडलेली खोच तेवढ्यातही पुरती उघडी पडते.

हीप ही रचना जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडली. तिच्यात आकडे पूर्ण क्रमाने लावलेले नसतात. शिस्त एवढीच असते की प्रत्येक आकड्याच्या खाली दोन आकडे असतात आणि वरचा त्या दोघांपेक्षा मोठा नसतो. त्यामुळे सर्वांत लहान आकडा नेहमी माथ्यावर सापडतो. खालच्या फांद्यांमध्ये कोण कुठे आहे याची हमी नसते. उलट शिस्त लावली की माथ्यावर सर्वांत मोठा येतो. नवा आकडा तळाशी ठेवून वर सरकवायचा, माथ्यावरचा काढला की तळाचा एक माथ्यावर आणून खाली सरकवायचा. हजार आकड्यांच्या हीपला दहाच मजले असतात, म्हणून दोन्ही कामं फार तर दहा पायऱ्यांची.

मध्यकासाठी असे दोन हीप समोरासमोर ठेवतात. खिडकीतले लहान निम्मे आकडे एका हीपमध्ये, त्याला धाकटा म्हणू. त्याच्या माथ्यावर त्यातला सर्वांत मोठा आकडा असतो. उरलेले मोठे निम्मे दुसऱ्यात, तो थोरला, आणि त्याच्या माथ्यावर त्यातला सर्वांत लहान. दोन्ही माथे मिळून खिडकीचा मध्य पकडून ठेवतात. खिडकीत नोंदी विषम असतील तर धाकट्यात एक जास्त ठेवायची, म्हणजे धाकट्याचा माथा हाच मध्यक. नवा आकडा धाकट्याच्या माथ्याएवढा किंवा त्याहून लहान असेल तर तो धाकट्यात जातो, नाहीतर थोरल्यात. एका बाजूला गर्दी झाली की तिचा माथा उचलून पलीकडे द्यायचा.

इथवर सगळं सुरळीत आहे. अडचण येते ती जुनी नोंद बाहेर काढताना. हीपमधून माथा काढणं सोपं, पण जाणारी नोंद माथ्यावर असेलच असं नाही. ती कुठल्या तरी फांदीत खोल असते, आणि हीपमध्ये आकडा शोधायचा म्हणजे एकेक करून सगळे पाहायचे. मग पद्धतीचा फायदाच गेला.

यावरचा तोडगा लेझी डिलीशन या नावाने ओळखला जातो. खोल असलेला आकडा तिथेच राहू द्यायचा आणि फक्त ‘हा गेला’ अशी बाजूला नोंद करायची. दवाखान्यात कंपाउंडरच्या वहीत नंबर लावून कंटाळलेला पेशंट परस्पर निघून जातो तसंच हे. त्याचं नाव लगेच कुणी खोडत नाही. नंबर आला, नावाचा पुकारा झाला, कुणी उठलं नाही, की मग खोडायचं आणि पुढच्याला हाक मारायची. हीपमध्येही गेलेला आकडा खाली पडून असेपर्यंत त्याचा कुणाला त्रास नाही, कारण आपण फक्त माथा बघतो. तो माथ्यावर आला की त्याला काढून टाकायचं. दोन्ही माथे जिवंत राहतील एवढी काळजी घेतली की झालं.

मात्र एक हिशेब वेगळा ठेवावा लागतो. हीपमध्ये आता गेलेले आकडेही पडून असतात, म्हणून हीपची लांबी मोजून दोन्ही बाजू समान आहेत की नाहीत ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक बाजूला खरोखर जिवंत किती आहेत याचे दोन आकडे स्वतंत्र ठेवतात. नोंद आली की त्या बाजूचा आकडा एकने वाढवायचा, गेली की एकने कमी करायचा, मग ती हीपमध्ये प्रत्यक्ष पडून असो वा नसो.

आणि इथेच मेख आहे. त्याच वहीत दोन पाटील असतील, आणि ‘पाटील गेले’ एवढाच निरोप आला, तर कोणते?

टाकीच्या सेन्सरमधून पूर्ण सेंटिमीटरचे आकडे येतात आणि पाणी स्थिर असेल तर तोच आकडा कितीही वेळा येतो. म्हणजे सारखे आकडे हा इथे अपवाद नसून रोजचा प्रकार आहे. त्यात बाजू समान करताना धाकट्याचा माथा थोरल्यात जातो, त्यामुळे एकाच किमतीच्या काही प्रती धाकट्यात आणि काही थोरल्यात अशी वाटणी सहज होते. ही वाटणी होते तीही नेमकी मध्यकाच्या जागी, जिथे आपलं सगळं लक्ष असतं. आता ‘एक ८४ गेला’ असं म्हटलं तर जिवंतांचा आकडा कोणत्या बाजूचा कमी करायचा आणि प्रत्यक्ष प्रत कोणत्या हीपमधून काढायची, हे दोन प्रश्न उभे राहतात. दोन्हींची उत्तरं एकाच बाजूची हवीत.

पायथन भाषेत नोंद काढण्याचं काम साधारण असं लिहिलं जातं. `low` म्हणजे धाकटा, `high` म्हणजे थोरला. `nlow` आणि `nhigh` हे जिवंतांचे आकडे, आणि `gone` मध्ये कोणती किंमत किती वेळा गेली पण अजून काढायची राहिली आहे त्याची मोजणी. पायथनच्या `heapq` मध्ये माथ्यावर लहान आकडा असतो, म्हणून धाकट्यात आकडे उणे चिन्ह लावून ठेवतात.

```python
def remove(v):
    global nlow, nhigh
    gone[v] += 1
    if v <= -low[0]:
        nlow -= 1
    else:
        nhigh -= 1
    clean_high()
    clean_low()
```

`clean_high` आणि `clean_low` ही दोन कामं आपापल्या हीपचा माथा बघतात आणि तो `gone` मध्ये असेल तर काढून टाकतात, मोजणी एकने कमी करतात, जिवंत माथा मिळेपर्यंत. वाचताना काहीच खटकत नाही. आता यात ८४, ८४, ८४, ८५, ८६, ३१२ हे आकडे घालू. खिडकी तीन नोंदींची.

पहिला ८४ धाकट्यात जातो. दुसराही माथ्याएवढाच असल्यामुळे धाकट्यात जातो, पण तिथे आता दोन आणि थोरल्यात शून्य, म्हणून एक पलीकडे जातो. तिसरा पुन्हा धाकट्यात. आता धाकट्यात दोन ८४, थोरल्यात एक ८४. मध्यक ८४, बरोबर आहे.

मग ८५ येतो. तो माथ्यापेक्षा मोठा असल्यामुळे थोरल्यात जातो. दोन्हीकडे दोन-दोन झाले. आता सर्वांत जुना ८४ काढायचा. तो धाकट्याच्या माथ्याएवढा आहे, म्हणून `nlow` दोनाचा एक होतो. हिशेब धाकट्याच्या खात्यावर पडला. पुढची ओळ `clean_high`. ती थोरल्याचा माथा बघते, तर तिथे ८४ आहे, आणि `gone` सांगतं की एक ८४ गेलाय. ती तो काढून टाकते. `gone` मधली मोजणी शून्य होते, त्यामुळे `clean_low` ला करायला काही उरत नाही.

म्हणजे खर्च धाकट्याच्या नावावर लिहिला आणि माल थोरल्याच्या गोदामातून गेला. धाकट्यात प्रत्यक्षात दोन ८४ आहेत, हिशेब म्हणतो एक. थोरल्यात फक्त ८५ उरलाय, हिशेब म्हणतो दोन. बाजू समान करणारं काम हिशेबावर विश्वास ठेवतं. धाकट्यात एक आणि थोरल्यात दोन, म्हणून ते थोरल्याचा माथा, ८५, धाकट्यात आणतं. थोरला रिकामा झाला. धाकट्याचा माथा ८५, आणि प्रोग्राम ८५ हा मध्यक म्हणून जाहीर करतो. खिडकीत आहेत ८४, ८४ आणि ८५. मध्यक ८४ हवा होता.

एका सेंटिमीटरची चूक टाकीवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण बिघाड इथे थांबत नाही, कारण चुकलेला हिशेब कुणी दुरुस्त करत नाही. पुढचा ८६ थोरल्यात जातो, दुसरा ८४ धाकट्याच्या खात्यावरून वजा होतो, हिशेबात पुन्हा एक आणि दोन होतात आणि ८६ धाकट्यात खेचला जातो. उत्तर ८६. खिडकी ८४, ८५, ८६, म्हणजे उत्तर ८५ हवं होतं. मग येतो सेन्सरचा तो थापाड्या ३१२. तोही थोरल्यात जातो आणि लगेच धाकट्यात ओढला जातो. प्रोग्राम मध्यक सांगतो ३१२.

खिडकीत ८५, ८६ आणि ३१२ आहेत. ज्या एका आकड्यापासून वाचण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, नेमका तोच पडद्यावर झळकतो. काय झालंय ते नीट पाहिलं तर गंमत वाटते. थोरला दरवेळी रिकामा होतोय, सगळे जिवंत आकडे धाकट्यात साठलेत, आणि धाकट्याचा माथा म्हणजे त्या सगळ्यांतला सर्वांत मोठा. मध्यक काढणारं यंत्र गुपचूप कमाल किंमत सांगणारं यंत्र बनलं आहे. ना प्रोग्राम बंद पडला, ना लाल अक्षरं आली. पुढे आकडे ८६, ८७, ८७ असे येत गेले तर दोन नोंदी अजून ३१२ च दिसेल. तिसऱ्या नोंदीला ३१२ खिडकीतून बाहेर पडेल आणि उत्तर ८७ येईल, जे योगायोगाने बरोबर आहे. बघणारा म्हणेल, सेन्सर जरा बिघडला होता, आता ठीक झाला. दोष सेन्सरच्या माथी जातो. हिशेब मात्र अजून चुकलेलाच असतो.

दुरुस्ती किती लहान आहे हे पाहिलं की ही चूक इतकी का टिकते ते कळतं. वरच्या कोडमधल्या शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करायची. आधी `clean_low`, मग `clean_high`. एवढंच.

हे का चालतं ते तीन शक्यतांमध्ये पाहता येतं. जाणारा आकडा धाकट्याच्या माथ्यापेक्षा लहान असेल तर त्याच्या सगळ्या प्रती धाकट्यातच असणार, कारण थोरल्यातला कोणताही आकडा या माथ्याहून लहान नसतो. माथ्यापेक्षा मोठा असेल तर सगळ्या प्रती थोरल्यात. या दोन्हींत गोंधळाला जागाच नाही. तिसरी शक्यता, तो माथ्याएवढाच आहे. मग प्रती दोन्हीकडे असू शकतात, पण निदान एक धाकट्यात नक्की आहे, ती म्हणजे खुद्द माथा. म्हणून खर्च धाकट्याच्या खात्यावर लिहायचा आणि लगेच, दुसरं काही करण्याआधी, तोच माथा काढायचा. नेमका सर्वांत जुना ८४ तोच होता का? त्याने फरक पडत नाही. सारख्या किमतीच्या दोन प्रतींपैकी कोणतीही काढली तरी मध्यक तोच येतो. फरक पडतो तो फक्त बाजूने.

नव्या क्रमाने तेच आकडे चालवून पाहू. ८५ आल्यावर धाकट्यात दोन ८४, थोरल्यात ८४ आणि ८५. जुना ८४ काढताना धाकट्याचा माथा जातो, तिथे एक उरतो. थोरल्याचा ८४ धाकट्यात येतो. माथा ८४, उत्तर बरोबर. ८६ आल्यावर पुन्हा एक ८४ माथ्यावरूनच जातो, ८५ धाकट्यात येतो, उत्तर ८५. ३१२ येतो तेव्हा तिसरा ८४ जायचा असतो, पण माथ्यावर आता ८५ आहे, म्हणून ८४ ची फक्त `gone` मध्ये नोंद होते आणि तो खाली पडून राहतो. ८६ धाकट्यात येतो, थोरल्यात एकटा ३१२ बसतो. उत्तर ८६.

दोन ओळींच्या क्रमावर सगळं तोललेलं असणं मला पटत नाही. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी कोड नीटनेटका करायला घेतो, वर्णक्रमाने `high` आधी आणि `low` नंतर लावतो, आणि गाडी पुन्हा रुळावरून उतरते. निदान क्रमामागचं कारण कोडमध्येच दिसावं. ज्या बाजूला खर्च टाकला तिचाच माथा तपासायचा, दुसऱ्या बाजूला हातच लावायचा नाही, असं लिहिणं जास्त सुरक्षित:

```python
    if v <= -low[0]:
        nlow -= 1
        clean_low()
    else:
        nhigh -= 1
        clean_high()
```

यात `<=` च्या जागी नुसतं `<` आलं तरी घात होतो. मग माथ्याएवढा आकडा थोरल्याच्या खात्यावर पडतो, आणि थोरल्यात त्याची प्रत असेलच असं नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गेलेल्या किमती मोजणीत न ठेवता नुसत्या संचात ठेवणं. संचाला एक ८४ गेला आणि दोन ८४ गेले यांतला फरक कळत नाही. दोन प्रती खाली पडून असताना माथ्यावर आल्या की पहिली काढली जाते, संचातून नाव जातं, आणि दुसरी मेलेली प्रत जिवंत म्हणून माथ्यावर बसते.

सी प्लस प्लस वापरणारे म्हणतील, हे हीपचे उपद्व्याप हवेत कशाला, `multiset` घ्या, त्यात हवा तो आकडा थेट काढता येतो. खरं आहे. पण तिथेही हाच खड्डा वेगळ्या ठिकाणी आहे. `s.erase(84)` म्हटलं की संचातले सगळे ८४ एका फटक्यात जातात. एकच काढायचा असेल तर `s.erase(s.find(84))` लिहावं लागतं. किंमत सांगितली की काढणाऱ्याला सगळे पाटील सारखेच.

मुळावरचा उपाय म्हणजे किंमत न सांगता नोंद सांगायची. प्रत्येक नोंदीला तिचा क्रमांक जोडून हीपमध्ये जोडी ठेवायची, किंमत आणि क्रमांक. मग ‘कोणता ८४’ हा प्रश्न उरत नाही, सतरा क्रमांकाचा ८४. एका वेगळ्या यादीत कोणती नोंद सध्या कोणत्या बाजूला आहे तेही लिहून ठेवायचं, आणि माथा पलीकडे दिला की त्या यादीतही बदल करायचा. याचा आणखी एक फायदा असा की `gone` ची गरजच राहत नाही. माथ्यावरच्या नोंदीचा क्रमांक खिडकीच्या मागे पडला असेल तर ती गेलेली आहे, विषय संपला.

मात्र काही जण बाजूची यादी वाचवायला जातात आणि जोड्यांची तुलना करूनच बाजू ठरवतात. तेही चालतं, पण एका अटीवर. बरोबरी झाली की दोन्ही हीपनी क्रमांकांचा क्रम एकाच पद्धतीने लावला पाहिजे. थोरल्यात `(v, i)` ठेवलं तर धाकट्यात `(-v, -i)` हवं. उणे चिन्ह फक्त किमतीला लावून `(-v, i)` लिहिलं, तर धाकट्याच्या माथ्यावर सारख्यांमधली सर्वांत जुनी नोंद येते, जिथे सर्वांत नवी यायला हवी होती. बाजू समान करताना ती जुनी नोंद थोरल्यात जाते, आणि काढायच्या वेळी तुलना मात्र तिला धाकट्यात शोधते. सारख्यांचा घोळ दारातून हाकलला तो खिडकीतून परत आला.

ही चूक चाचण्यांमध्ये सापडत कशी नाही? कारण बहुतेक चाचण्यांत सारखे आकडे एकत्र येतच नाहीत. मुलाखतींच्या तयारीसाठी प्रसिद्ध असलेल्या लीटकोडवर हाच प्रश्न ४८० क्रमांकाचा आहे. तिथला नमुना 1, 3, -1, -3, 5, 3, 6, 7 असा, आणि खिडकी तीनची. यात ३ दोनदा आहे. तरीही वरचं चुकीच्या क्रमाचं कोड या नमुन्यावर सहाच्या सहा उत्तरं बरोबर देतं. दोन ३ एकमेकांपासून चार घरं लांब आहेत, ते एका खिडकीत कधी भेटतच नाहीत. `random.random()` ने लाखभर आकडे तयार करून तपासलं तरी तेच, पंधरा-सोळा दशांश स्थळांचे दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत. चाचणी जितकी भव्य, तितकी या चुकीपुढे आंधळी.

उलट करावं. आकडे फक्त ० ते ३ यांतलेच घ्यावेत, याद्या दहा-बारा नोंदींच्या, खिडकी एकपासून सहापर्यंत, आणि प्रत्येक उत्तर साध्या पद्धतीने, म्हणजे खिडकी क्रमाने लावून मधला उचलून, ताडून पाहावं. अशा हजारो छोट्या याद्या क्षणात तपासून होतात आणि वरची चूक पहिल्या काही याद्यांतच हाती लागते. चाचणी चालू असताना दरवेळी दोन्ही हीपमधले जिवंत आकडे प्रत्यक्ष मोजून ते `nlow` आणि `nhigh` शी जुळतात का, हेही पाहावं. कारण हिशेब आधी चुकतो आणि उत्तर नंतर, कधी कधी बऱ्याच नंतर.

सगळं बरोबर लिहिलं तरी एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती टाकीच्या बाबतीत रोज घडते. दिवसभर पाणी वापरलं जातं, आकडा चढत जातो, ८४, ८५, ८६, ९०, १००. जुने लहान आकडे धाकट्याच्या तळाशी पडून असतात, माथ्यावर मात्र त्यांच्याहून मोठे आकडे येत राहतात. म्हणजे गेलेल्यांची पाळी येतच नाही आणि त्यांना कुणी काढतही नाही. खिडकी तीनची असली तरी धाकट्यात शेकडो मेलेल्या नोंदी साठतात. टाकी पुन्हा भरते, आकडा उतरू लागतो, तेव्हा कुठे त्या माथ्यावर येऊन निघू लागतात. संगणकावर याचं काही वाटत नाही. पण आर्डुइनो उनोसारख्या बोर्डावर कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट असते. मिनिटाला एक नोंद, प्रत्येकीला चार बाइट धरले, तरी पाचशे-सहाशे मिनिटांत, म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत, ती भरून जाते.

त्यावर उपाय असा की हीपची प्रत्यक्ष लांबी जिवंतांच्या दुपटीच्या वर गेली की एकदा सगळा हीप चाळायचा, मेलेल्यांना वगळून उरलेल्यांचा नवा हीप बांधायचा आणि `gone` मधली त्यांची मोजणीही कमी करायची. बांधणीचा खर्च अधूनमधूनच येतो आणि तो आधीच्या नोंदींवर वाटला गेला की जाणवत नाही. नोंद क्रमांक वापरणाऱ्या पद्धतीत हे चाळणं फारच सोपं होतं, प्रत्येक जोडीचा क्रमांक बघितला की जिवंत की मेलेली ते कळतं. नुसत्या किमतींच्या पद्धतीत मात्र धाकट्यात ८४ च्या चार प्रती आणि `gone` मध्ये दोन असतील, तर कोणत्याही दोन फेकायच्या आणि मोजणी शून्यावर आणायची. त्या चारही धाकट्यातच आहेत ना, एवढं आधी खात्रीचं हवं.